कुकरमधली खिचडी: मोकळी हवी की आसट, पाणी आणि शिट्ट्यांचा हिशेब

आमच्या अमळनेरच्या घरात संध्याकाळी खिचडी ठरली की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो. आजी म्हणते, "आज मोकयी कर बरं." आबांच्या दातांना मोकळी चालत नाही, त्यांना आसट लागते, ताटात टाकली की हळूच पसरणारी. पोरांना कच्च्या तेलाशी आणि पापडाशी मतलब, खिचडी कशी का असेना. इतकी वर्षं कुकर आणि तीच तूरडाळ घेऊन मी या दोन पक्षांना सांभाळते आहे. त्यातून जे कळलं ते इथे लिहिते.

खिचडी बिघडली की आपण म्हणतो, "एक शिट्टी जास्त झाली." खरं तर बहुतेक वेळा दोष शिट्टीचा नसतो, पाण्याचा नाहीतर डाळीचा असतो. मोकळी की आसट हे पाणी ठरवतं. किती वेळ शिजवायचं हे तूरडाळ ठरवते, कारण तांदूळ तिच्या कितीतरी आधी तयार होतो. शिट्टी आपल्याला फक्त आत काय चाललंय याची वर्दी देते. हे तीन धागे वेगळे केले की खिचडी जवळजवळ कधीच फसत नाही.

शिट्टी म्हणजे नेमकं काय

साध्या पातेल्यात पाणी १०० अंशांच्या वर जात नाही. कुकरच्या झाकणावरचं वेट वाफ दाबून धरतं, त्यामुळे आतलं पाणी साधारण १२० अंशांपर्यंत तापतं. दाब वेटाच्या वजनापेक्षा वाढला की वेट उचललं जातं, जास्तीची वाफ बाहेर पडते आणि शिट्टी होते. म्हणजे पहिली शिट्टी झाली तेव्हाच आतली उष्णता तिच्या टोकाला पोचलेली असते. त्यानंतर गॅस मोठा ठेवला तर आत जास्त गरम होत नाही, फक्त शिट्ट्या भराभर होतात आणि पाणी उडून जातं.

म्हणूनच "तीन शिट्ट्या" हे माप एका घरातून दुसऱ्या घरात नेलं की चुकतं. मोठ्या आचेवर तीन शिट्ट्या तीन-चार मिनिटांत उरकतात, मंद आचेवर त्यांनाच दहा मिनिटं लागू शकतात. डाळीला शिट्ट्या मोजता येत नाहीत, तिला मिनिटं कळतात.

शिट्टीत पाणी किती जातं ते मी एकदा करून पाहिलं. रिकाम्या पाच लिटरच्या कुकरमध्ये चार वाट्या पाणी मोजून घातलं, मध्यम आचेवर तीन शिट्ट्या काढल्या, कुकर पूर्ण गार होऊ दिला आणि उरलेलं पाणी त्याच वाटीने मोजलं. जवळजवळ अर्धी वाटी कमी भरलं. आसट खिचडीत अर्ध्या वाटीने काही बिघडत नाही, पण मोकळ्या खिचडीत तेवढ्यानेच दाणा टचटचीत राहतो. तुमच्या कुकरचं हे माप एकदा काढून ठेवा.

डाळ आणि तांदूळ

खानदेशात खिचडी म्हटलं की तूरडाळच. मुगाच्या डाळीची खिचडी आमच्याकडे आजाऱ्यासाठी होते, आणि तिला हा सगळा खटाटोप लागत नाही, कारण मूगडाळ तांदळाबरोबरच शिजते. तूरडाळीचं तसं नाही. जळगावच्या डाळ मिलमधली असो की भौगोलिक मानांकन मिळालेली नवापूरची, कोरडी तूरडाळ धुऊन थेट मोकळ्या खिचडीत टाकली तर ती हमखास कणीदार राहते. तांदळाला पुरेल एवढ्या वेळात ती शिजत नाही, आणि तिला पुरेल एवढा वेळ दिला तर भाताचा लगदा होतो.

यावर उपाय एकच, डाळ आधी भिजवायची. कोमट पाण्यात ४५ मिनिटं ते तासभर. नखाने दाबल्यावर डाळ सहज तुटली पाहिजे. घरची साठवणीची डाळ असेल, तर तिला वर्षभर टिकावी म्हणून एरंडेल लावलेलं असतं. तेलाच्या त्या थरातून पाणी आत शिरत नाही. अशी डाळ भिजवण्याआधी कोमट पाण्यात तीन वेळा चोळून धुवा, हाताचा चिकटपणा जाईपर्यंत.

आता पाण्याबद्दल. ज्यांच्याकडे बोअरचं पाणी आहे त्यांना हे ठाऊक असेल की भिजवूनही डाळ कधी कधी आखडून बसते. जड पाण्यातलं चुनखडीचं कॅल्शियम डाळीच्या पेशींना घट्ट बांधून ठेवतं, त्या सुटत नाहीत आणि डाळ मऊ होत नाही. एका उन्हाळ्यात आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांनी यायचा, तेव्हा मी आठवडाभर बोअरच्या पाण्याची खिचडी केली. रोज डाळ बोटचेपी राहायची आणि मी रोज एक शिट्टी वाढवायचे. शेवटी पिण्याच्या गाळलेल्या पाण्यात डाळ भिजवली आणि त्याच पाण्यात शिजवली, तेव्हा मूळ शिट्ट्यांवर परत आले. पाणी बदलता येत नसेल तर निदान भिजवायला तरी पिण्याचं पाणी वापरा. सोडा टाकू नका. डाळ मऊ होते हे खरं, पण चवीला साबणासारखं लागतं. टोमॅटो किंवा चिंच घालायची असेल तर डाळ शिजल्यानंतर, वरून. आंबटानेही डाळ शिजायला उशीर होतो.

तांदळात आमच्याकडे रोजचा म्हणजे कोलम. नवापूर-अक्कलकुव्याकडे भात पिकतो, बाकी खानदेश ज्वारी-बाजरीचा, त्यामुळे तांदूळ बहुतेकांचा विकतचाच. विकत घेताना जुना की नवा एवढं विचाराच. जुना तांदूळ पाणी जास्त पितो आणि मोकळा राहतो. नवा कमी पितो आणि चटकन चिकट होतो. मी खाली दिलेली मापं जुन्या कोलमची आहेत. नवा असेल तर मोकळ्या खिचडीत अर्धी वाटी पाणी कमी करा. आसटमध्ये तसंच राहू द्या.

तांदूळ मात्र भिजवायचा नाही. डाळ भिजवून आणि तांदूळ कोरडा ठेवून आपण डाळीला पुढे सोडलेलं असतं, तांदूळ भिजवला तर तो परत तिच्या पुढे पळतो. फक्त दोन पाण्यांत धुऊन चाळणीत निथळत ठेवा.

माप

वाटी कुठलीही घ्या, पण तांदूळ, डाळ आणि पाणी तिघांना एकच. आणि पाणी नेहमी तांदूळ अधिक डाळ या बेरजेवर मोजा. नुसत्या तांदळावर मोजणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. वाटी कोरड्या डाळीची मोजायची, भिजून फुगलेलीची नाही.

चार जणांसाठी मी दीड वाटी तांदूळ आणि अर्धी वाटी तूरडाळ घेते, म्हणजे एकूण दोन वाट्या. माझी वाटी साधारण १५० मिलीची आहे.

मोकळ्या खिचडीला या दोन वाट्यांवर साडेचार वाट्या पाणी, म्हणजे सव्वादोन पट. वरची पाव पट शिट्टीतून जाणाऱ्या वाफेची आहे. मध्यम आचेवर दोन शिट्ट्या.

रोजची, ना फार मोकळी ना फार मऊ, जी आमच्याकडे कढीबरोबर खातात, तिला सहा वाट्या, म्हणजे तिप्पट. मध्यम आचेवर तीन शिट्ट्या.

आसट खिचडीला आठ वाट्या, म्हणजे चौपट. तीन शिट्ट्या मध्यम आचेवर आणि मग अगदी बारीक गॅसवर पाच मिनिटं. लहान बाळासाठी किंवा तापातून उठलेल्यासाठी नऊ वाट्यांपर्यंत न्या.

ज्यांचा कुकर आतल्या झाकणाचा आहे त्यांच्या शिट्ट्या लांब आणि कमी होतात, काहींचं वेट नुसतं फुसफुसत राहतं. त्यांनी शिट्ट्या सोडून घड्याळ धरावं. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक, आणि तिथून मोकळ्याला पाच मिनिटं, रोजच्याला आठ, आसटला बारा. इंडक्शनवाल्यांनाही हेच सांगेन, कारण इंडक्शनवर शिट्ट्या एकामागून एक धावतात आणि डाळ कच्चीच राहते.

कुकर किती भरतोय तेही पाहा. डाळ-तांदळाचा फेस वर येतो, म्हणून खिचडीसाठी कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नसतो. वरच्या मापाने मोकळी खिचडी तीन लिटरच्या कुकरमध्ये आरामात मावते. आसट नाही मावत, कारण दोन वाट्या धान्य आणि आठ वाट्या पाणी म्हणजे जवळजवळ दीड लिटर, वर फेस. ती पाच लिटरमध्येच करा, नाहीतर पिवळा फेस वेटातून गॅसवर येतो आणि वाफेची नळी चोंदते.

मोकळी खिचडी, पायरीने

भिजलेली डाळ चाळणीत उपसा. ते पाणी टाकून द्या, मोजलेलं पाणी वेगळं. साडेचार वाट्या पाणी दुसऱ्या शेगडीवर गरम करत ठेवा.

कुकरमध्ये तीन चमचे शेंगदाण्याचं तेल तापवा. मोहरी तडतडली की जिरं, आठ-दहा ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या, दोन सुक्या लाल मिरच्या तोडून, कढीपत्ता आणि मूठभर शेंगदाणे. लसूण सोनेरी झाला, काळा नव्हे, की हळद आणि लगेच डाळ. डाळ मिनिटभर परता, मग तांदूळ टाकून आणखी दोन मिनिटं. प्रत्येक दाण्याला तेल लागलं पाहिजे. तेल लागलेले दाणे एकमेकांना कमी चिकटतात, आणि तेलाने फेसही कमी येतो. कांदा-बटाटा घालणारे घालतात. बटाटा मोठ्या फोडींचा असू द्या, कांद्याचं पाणी सुटतं म्हणून दोन चमचे पाणी कमी करा.

आता उकळतं पाणी आणि मीठ. पाणी चाखा, ते कणभर खारट लागलं पाहिजे. झाकण लावण्याआधी उलथन्याने तळ एकदा खरवडून घ्या. फोडणीचा चिकटलेला लसूण-मसाला तिथे राहिला तर तोच पुढे करपतो आणि सगळ्या खिचडीला धुरकट वास लागतो. पाणी गरम घालायचं कारण असं की गार पाण्याला उकळी येईपर्यंत चार-पाच मिनिटं जातात, तेवढ्यात तांदूळ कोमट पाण्यात भिजत, फुगत बसतो आणि मोकळेपणा जातो.

मध्यम आचेवर दोन शिट्ट्या, गॅस बंद. वेट उचलू नका. घाईने वाफ सोडली की दाब एकदम उतरतो, आतलं १२० अंशांचं पाणी खळाखळा उकळतं आणि दाणे फुटतात. कुकर आपोआप पडू द्या, दहा मिनिटं पुरतात. डाळीचं शेवटचं शिजणं या दहा मिनिटांतच होतं. पण अर्धा तास विसरूही नका, तळाची खिचडी वाफेत मऊ होत जाते. झाकण उघडलं की काट्याने किंवा उलथन्याच्या कडेने बाजूने हलक्या हाताने मोकळी करा. डावाने ढवळलीत तर केलेलं सगळं फुकट.

आसट खिचडी

इथे उलटं करायचं. दाणे फुटायलाच हवेत, म्हणून तांदूळ परतायचा नाही. डाळ, तांदूळ, हळद, मीठ, हिंग, चमचाभर तेल आणि आठ वाट्या पाणी एकत्र कुकरमध्ये. पाणी गार असलं तरी चालतं, उलट बरं. तीन शिट्ट्या, बारीक गॅसवर पाच मिनिटं, मग पंधरा मिनिटं कुकर तसाच. उघडल्यावर डावाच्या पाठीने कडेला दाबत घोटा. रवीने घुसळू नका, गोंदासारखी ताणली जाते.

उघडल्याबरोबर ती पातळ वाटते आणि नवखे घाबरतात. तशीच हवी. ताटात येईपर्यंत ती आळते. तांदळातला स्टार्च गार होताना पाणी धरून घट्ट होतो. कुकरमध्ये जी नेमकी वाटते ती जेवायला बसेपर्यंत गोळा झालेली असते. घट्ट झालीच तर उकळतं पाणी घालून दोन मिनिटं गॅसवर ठेवा.

फोडणी या खिचडीत नाही, ताटात. पळीत तेल तापवून भरपूर लसूण आणि लाल मिरची तळायची आणि ज्याला हवी त्याच्या खिचडीवर चर्र करून ओतायची.

एकाच कुकरमध्ये दोन्ही

आता आमच्या घरातला रोजचा पेच. आधी दोन कुकर लावायचे, आता एकच लावते. मागच्या रविवारचं सांगते. पाच माणसं, तीन मोकळीवाली, आबा आणि धाकटा आसटवाले. तांदूळ दोन वाट्या, डाळ पाऊण वाटी, एकूण पावणेतीन. सव्वादोन पटीने पाणी सव्वासहा वाट्या. पाच लिटरच्या कुकरमध्ये वर सांगितली तशी मोकळी केली, मात्र मिरच्या आबांसाठी कमी टाकल्या.

कुकर पडला तसं वरचं झाकण काढून मोकळी खिचडी पातेल्यात काढली, अंदाजे तीन भाग. खाली दोन भाग उरले. त्यावर अडीच वाट्या उकळतं पाणी, चिमूटभर मीठ, तळ खरवडला, झाकण लावलं. मध्यम आचेवर एक शिट्टी आणि बारीक गॅसवर चार मिनिटं. तेवढ्यात कढीला उकळी आली आणि पापड भाजून झाले. उघडून घोटली, आबांची आसट तयार. याला अडीच वाट्यांपेक्षा कमी पाणी घालू नका. शिजलेला भात पाणी उशिरा पितो, आणि शिट्टीला वाफ तर हवीच. पाणी कमी पडलं तर खाली लागते.

उलट दिशेने हे होत नाही. आसटची मोकळी करता येत नाही, म्हणून शंका असेल तेव्हा पाणी कमीच घाला.

बिघडली तर

भात झाला पण डाळ दाताखाली येते, असं झालं तर अर्धी-पाऊण वाटी उकळतं पाणी शिंपडून आणखी एक शिट्टी काढा. डाळ शिजेल, खिचडी मात्र मोकळी राहणार नाही, रोजच्यासारखी होईल. ते पत्करा.

मोकळी करताना खाली पाणी दिसतंय, तर झाकण उघडं ठेवून कुकर तव्यावर ठेवा, बारीक गॅसवर पाच-सात मिनिटं, ढवळायचं नाही. पाणी उडतं, दाणा टिकतो.

खाली लागली, वास आला, तर आधी गॅस बंद. तळाला हात न लावता वरची खिचडी दुसऱ्या भांड्यात काढा. चमच्याने तळ कुरतडला की करपट वास सगळीकडे जातो.

आणि शिट्टीच होत नसेल तर वाट पाहत बसू नका. ही चूक मी केलेली आहे. झाकणाची रबरी रिंग सैल झाली होती, वाफ कडेने निघून जात होती, दाब बनतच नव्हता. मी आतल्या खोलीत पहिल्या शिट्टीची वाट पाहत कपड्यांच्या घड्या घालत होते. पंधरा मिनिटांनी करपल्याचा वास आला तेव्हा कळलं. पाणी सगळं कडेने गेलेलं, खाली बोटभर कोळसा, वर कच्चे तांदूळ. तेव्हापासून पाच-सात मिनिटांत शिट्टी झाली नाही की मी कान लावते आणि झाकणाच्या कडेला वाफ दिसते का पाहते. दिसली तर गॅस बंद, दाब उतरू द्या, रिंग काढून गार पाण्यात बुडवा, परत बसवा. तरीही गळत असेल तर रिंग बदलायची. भांड्यांच्या दुकानात कुकरच्या मापाची मिळते.

रिंग ठीक असेल आणि शिट्टी नसेल, तर वेटाखालची नळी पाहा. मागच्या वेळचा डाळीचा फेस त्यात वाळून बसलेला असतो. प्रत्येक वेळी कुकर लावण्याआधी ती उजेडाकडे धरून आरपार दिसते का ते पाहते मी. आजी फुंकून पाहते, तेही चालतं.

वाढताना आमच्याकडे मोकळ्या खिचडीवर शेंगदाण्याचं कच्चं तेल, ज्वारीचे बिबडे किंवा उडदाचा पापड, फोडलेला कांदा आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. आसटवर लसणाचं तळलेलं तेल. आबा तेवढे दोन्ही तेलं घेतात.